खाजनाच्या पेपरची तारीखवही: मार्च २०२५ ते जानेवारी २०२६

१७ मार्च २०२५, सोमवार

गोव्यातल्या खाजनांच्या, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या खारजमिनींच्या, मातीवरचा आमचा प्रकल्प. त्याचा शेवटचा दिवस ३१ मार्च २०२६. अंतिम अहवालात पेपर ‘स्वीकृत’ म्हणून दाखवायचा तर त्याआधी जर्नलच्या संपादकाचं पत्र हातात हवं. ‘समीक्षेत आहे’ असं लिहिलं की निधी देणारे मान डोलावतात आणि पुढच्या पानावर जातात. त्यामुळे आज तारखा शेवटाकडून मागे मोजत आलो.

किरकोळ दुरुस्ती आणि स्वीकृती यांना दीड महिना. त्याआधीच्या दुसऱ्या फेरीला दोन महिने. त्याआधी पेपर आमच्याकडे मोठ्या दुरुस्तीसाठी असेल, त्याला दोन महिने. आणि पहिल्या फेरीला साडेतीन, कारण समीक्षक शोधण्यातच संपादकाचा महिना जातो. एकूण नऊ. म्हणजे कागदावर जूनअखेर पाठवला तरी चालेल.

पण हा हिशेब नकार येणारच नाही असं धरून केलेला आहे. नकार दोन प्रकारचा. संपादकाने समीक्षकांकडे न पाठवताच परत केला तर दोन-तीन आठवडे जातात, तेवढं परवडतं. समीक्षा होऊन नकार आला तर चार महिने गेले, वर नव्या जर्नलच्या साच्यात बसवायला आणखी पंधरा दिवस. एकाच वेळी दोन जर्नलांकडे पेपर पाठवता येत नाही, त्यामुळे हे दिवस रांगेतच मोजावे लागतात. एप्रिलमध्ये पाठवला तर दोन महिने गाठीला राहतात. त्यात पहिल्या प्रकारचा नकार बसतो, दुसऱ्या प्रकारचा बसत नाही.

२० मार्च

सहलेखकांची बैठक. ज्येष्ठ सहलेखकांचं म्हणणं, आधी मोठ्या नावाच्या जर्नलला पाठवून बघू, काय बिघडतं? मी वरचा हिशेब पुढे ठेवला. शेवटी ठरलं ते असं: विषय नेमका जुळणारं, मधल्या वजनाचं जर्नल पहिलं. खारजमीन, भात, भरती-ओहोटी या गोष्टी त्यांच्या वाचकाला नव्याने समजवाव्या लागत नाहीत, त्यामुळे समीक्षेनंतर नकार येण्याची शक्यता कमी. दुसऱ्या जर्नलच्या साच्यातली प्रत आत्ताच तयार ठेवायची. मेच्या मध्यापर्यंत संपादकाचा नकार आला तर आठवड्यात तिकडे.

पेपर थोडक्यात, वहीत असावा म्हणून: दिवाडी आणि चोडण बेटांवरच्या खाजनांत मातीतले क्षार मानशीपासूनच्या, म्हणजे नदीचं पाणी आवरणाऱ्या बांधातल्या दारापासूनच्या, अंतराप्रमाणे कसे बदलतात. नमुने मे २०२४ आणि नोव्हेंबर २०२४ चे. मेमध्ये खार वर चढलेला असतो, पावसाने तो धुतला की कोरगूट, इथलं खार सोसणारं भात, लावतात. नोव्हेंबरपर्यंत कापणी झालेली असते.

२१ एप्रिल, सोमवार

पेपर पाठवला. समीक्षकांची नावं सुचवा म्हणून रकाने असतात, ते रिकामे सोडले नाहीत. आमच्या संस्थेतलं कोणी नाही, गेल्या काही वर्षांत कोणाबरोबर लिहिलेलं नाही, सगळ्यांचे संस्थेचे ईमेल. दोन नावं देशाबाहेरची, पण खारजमिनीवरच काम करणारी.

२३ एप्रिल

`Sent Back to Author`. घाबरण्यासारखं नाही, हा तांत्रिक तपासणीचा टप्पा. ‘हायलाइट्स’मधली एक ओळ मोकळ्या जागा धरून ८५ अक्षरांच्या वर गेली होती. ओळ कापली, तासाभरात पुन्हा पाठवला.

७ मे

`With Editor` जाऊन `Under Review` आलं. विद्यार्थिनी खूश झाली. तिला सांगितलं, या शब्दांचा अर्थ एवढाच की निमंत्रणं गेली. कोणी वाचायला घेतलाय असं त्यातून कळत नाही. या प्रकाशकाकडे वेगळं पान आहे, तिथे किती जणांना विचारलं, किती जणांनी होकार दिला, किती समीक्षा आल्या, हे आकडे दिसतात. आज तिथे होकार शून्य. पहिल्या फेरीचं घड्याळ दुसऱ्या होकारापासून मोजायचं, असं तक्त्यात लिहून ठेवलं.

२६ मे

पाऊस आला, नेहमीपेक्षा आठ-दहा दिवस आधीच. आता या वर्षीचा खार मोजायचा म्हटलं तरी मोजता येणार नाही, दोन मुसळधार दिवसांत वरचा थर धुऊन जातो. पेपरला याचा आज काही संबंध नाही, पण समीक्षकाने दुसरं वर्ष मागितलं तर असेल. म्हणून नोंद.

१६ जून

दोन होकार, एक समीक्षा आलेली. समीक्षकाला साधारण तीन आठवडे देतात आणि मग स्मरणपत्रं जायला लागतात.

योगायोगाने मलाही एका दुसऱ्या जर्नलचं निमंत्रण आलं. वेळ नव्हता, त्याच दुपारी नाही म्हटलं आणि दोन नावं सुचवली. नाही म्हणणाऱ्याचा संपादकाला राग येत नाही. आठवडाभर मौन पाळणाऱ्याचा येतो, कारण तोवर संपादक दुसऱ्याला विचारत नाही आणि तिकडे कोणाचा तरी तक्ता आमच्यासारखाच सरकत असतो.

७ जुलै

अकरा आठवडे झाले, दुसरी समीक्षा नाही. संपादकांना चार ओळींचं पत्र: हस्तलिखिताचा क्रमांक, पाठवल्याची तारीख, आणि आणखी समीक्षकांची नावं हवी असतील तर आम्ही देऊ शकतो. ‘निर्णय कधी?’ असं विचारलं नाही. त्या प्रश्नाला ‘समीक्षा सुरू आहे’ याखेरीज उत्तर नसतं. नावं देऊ केली की संपादकाला फाईल उघडावी लागते.

२४ जुलै, गुरुवार

निर्णय आला: मोठी दुरुस्ती. मुदत ६० दिवस, म्हणजे २२ सप्टेंबर.

पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहायला बसायचं नाही, हा माझा नियम. फक्त तारखा मांडल्या. तक्त्यात B2 मध्ये निर्णयाची तारीख, C2 मध्ये दिलेले दिवस, H स्तंभात सुट्ट्या:

```
=WORKDAY(B2+C2,-5,H2:H20)
```

उत्तर १५ सप्टेंबर. ही आमची खरी मुदत. शेवटचे पाच कामाचे दिवस राखीव, कारण प्रणालीचं घड्याळ कुठल्या देशाच्या वेळेवर चालतं ते ईमेलमध्ये लिहिलेलं नसतं, आणि पावसाळ्यात आमची वीज कधी जाईल तेही.

उद्यापासून १५ सप्टेंबरपर्यंत कामाचे दिवस ३७ दिसतात. त्यात स्वातंत्र्यदिन आहे, आणि मधोमध चवथ, २७ ऑगस्टला. विद्यार्थिनी पेडण्याची, घरी पाच दिवसांचा गणपती. चवथीच्या आठवड्यात गोव्यात प्रयोगशाळा चालेल असं धरणारा माणूस गोव्याबाहेरचा. म्हणजे मुदत साठ दिवसांची असली तरी प्रयोगशाळेचे दिवस तीसच्या आतबाहेर.

२८ जुलै

आज समीक्षकांचे आक्षेप सुटे केले. प्रत्येकाला क्रमांक, आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न: याचं उत्तर लेखणीने देता येतं, प्रयोगशाळेत जावं लागतं, की शेतात? आक्षेप कठोर आहे की सौम्य, यावरून तारीख ठरत नाही, या प्रश्नावरून ठरते. पहिल्या समीक्षकाचे दोन ओळींत लिहिलेले गोड शब्द एक अख्खा हंगाम मागतात. दुसऱ्याचा तिखट परिच्छेद टेबलावर सुटण्यासारखा आहे.

लेखणीचे बरेच आहेत. प्रयोगशाळेचा मोठा असा एकच. शेताचाही एकच.

शेताचा: ‘दुसऱ्या वर्षीचे पावसाळ्यापूर्वीचे नमुने जोडावेत.’ मे २०२५ निघून गेला. पुढचा मे २०२६ मध्ये, म्हणजे प्रकल्प संपल्यावर. मुदतवाढ मागून हे जमणार नाही. अशा वेळी एक मोह होतो, नोव्हेंबरचे आणखी नमुने आणून संख्या फुगवायची. पण मागितलेलं वर्ष आणि दिलेला महिना यांचा मेळ बसत नाही, आणि ते समीक्षकाला लगेच दिसतं. त्यापेक्षा दावा आखडता घेणं बरं. शीर्षकात ‘२०२४ चा हंगाम’ येईल, निष्कर्षातून ‘दरवर्षी’ जाईल, आणि मर्यादांच्या परिच्छेदात एका वर्षाच्या पावसावर काय काय अवलंबून आहे ते स्पष्ट लिहू.

३० जुलै

प्रयोगशाळेचा आक्षेप नीट वाचला. क्षार मोजायला आम्ही विद्युतवाहकता, आमच्या रोजच्या भाषेत ईसी, एक भाग माती आणि दोन भाग पाणी अशा द्रावणात मोजली. क्षारजमिनीची मान्य सीमा ४ डेसीसिमेन्स प्रति मीटर आहे, पण ती संपृक्त लगद्यातून काढलेल्या अर्कासाठी. पातळ द्रावणात पाणी जास्त, म्हणून आकडा कमी येतो. आम्ही आधी प्रसिद्ध झालेला गुणक वापरून रूपांतर केलं होतं, तशी रीत आहे. समीक्षक म्हणतो, गुणक मातीच्या पोताप्रमाणे बदलतो आणि खाजनाची माती भारी चिकणमाती आहे, तेव्हा तुमचा स्वतःचा गुणक दाखवा. बोट अगदी बरोबर ठिकाणी ठेवलंय.

पहिला प्रश्न: २०२४ ची माती शिल्लक आहे का? आहे. वाळवून, दोन मिलिमीटरच्या चाळणीने चाळून पिशव्यांत ठेवलेली. लगद्याला नमुन्यामागे साधारण पाव किलो लागते, आणि बऱ्याच पिशव्यांत तेवढी उरलेली नाही. सगळ्या नमुन्यांची गरजही नाही. सर्वात कमी ते सर्वात जास्त ईसी असा पट्टा भरून निघेल अशा चोवीस पिशव्या निवडल्या, दोन्ही बेटांतल्या. त्यांच्यावर दोन्ही पद्धतींचे आकडे काढून नातं बसवायचं आणि बाकीच्यांना तेच लावायचं.

५ ऑगस्ट

पहिले लगदे. विद्यार्थिनीने हे पूर्वी केलेलं नाही, म्हणून शेजारी उभा राहिलो. वाडग्यात माती, त्यात ऊर्ध्वपातित पाणी थोडं थोडं घालत पळीने कालवायचं. लगदा झाला की त्याचा पृष्ठभाग चकाकतो, वाडगा तिरका केला की तो किंचित सरकतो, आणि पळीवरून सुटून खाली पडतो. शेवटची खूण आपल्या मातीला लागू पडत नाही. चिकण इतकी की पळी सोडतच नाही, म्हणून चकाकी आणि सरकणं यांवर भर दिला. नंतर झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी वर पाणी साचलं असेल तर पाणी जास्त झालं, थोडी माती घालायची. लगदा घट्ट होऊन चकाकी गेली असेल तर पाणी. किती पाणी लागलं त्याची प्रत्येक नमुन्याला नोंद, कारण समीक्षक तो आकडा मागणार.

६ ऑगस्ट

निर्वात पंपाने अर्क काढणं फार हळू. चिकणमातीतून थेंब थेंब येतो. दिवसाला चार नमुने, त्याहून जास्त नाही. चोवीस नमुन्यांना सहा दिवस, वर दोन राखीव. चवथीच्या आधी संपलं पाहिजे, कारण चवथीनंतरचे दिवस आकडेमोडीचे आणि उत्तरपत्राचे.

२० ऑगस्ट

संपलं. मध्ये एकदा दुपारी वीज गेली, पंप थांबला, ते नमुने दुसऱ्या दिवशी नव्याने केले. आमचा गुणक प्रसिद्ध गुणकापेक्षा कमी निघाला. भारी माती लगद्यातच जास्त पाणी धरते, तेव्हा हे अपेक्षित होतं. परिणाम: सीमेच्या अगदी लगतची काही शेतं ‘क्षारयुक्त’मधून बाहेर पडली. मानशीपासूनच्या अंतराचा मुख्य कल मात्र तसाच. ज्येष्ठ सहलेखक जरा नाराज, नकाशातला लाल रंग कमी झाला म्हणून. मला हा नकाशा जास्त आवडला. शेतकरी आधीपासून जे बांधालगतचे खारे तुकडे दाखवत होते, नेमके तेच आता लाल आहेत.

३ सप्टेंबर

सगळे परतले. उत्तरपत्र लिहायला घेतलं. आक्षेप जसाच्या तसा, खाली आमचं उत्तर, खाली पेपरमध्ये काय बदललं ते वाक्य, आणि ओळ क्रमांक. खुणा दाखवणाऱ्या प्रतीत आणि स्वच्छ प्रतीत ओळी वेगवेगळ्या पडतात, म्हणून पहिल्याच पानावर लिहिलं: क्रमांक स्वच्छ प्रतीचे आहेत. एवढंसं वाक्य नसेल तर समीक्षक ओळ २१२ शोधत बसतो आणि बदल केलाच नाही असं समजतो.

दुसऱ्या वर्षाच्या मागणीला दिलेलं उत्तर सर्वात जास्त वेळा लिहिलं गेलं. पहिल्या खर्ड्यात पाऊस, मुदत, प्रकल्पाची तारीख सगळं होतं. शेवटी कारणं काढून टाकली. आमची अडचण हा समीक्षकाचा प्रश्न नाही. आता त्यात फक्त दोन गोष्टी आहेत: एका वर्षाच्या आकड्यांवरून काय म्हणता येतं, आणि जे म्हणता येत नाही ते पेपरमधून कुठे काढलं.

८ सप्टेंबर

आजपासून पेपर गोठवला. सहलेखकांना तीन दिवस, फक्त चूक असेल तर सांगा, शैली सुचवू नका असं लिहून. तरीही एकाने प्रस्तावना नव्याने लिहून पाठवली. घेतली नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

पाठवला.

२३ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आकड्यांच्या पानावर दोनऐवजी तीन निमंत्रणं दिसतात. म्हणजे पहिल्या फेरीतल्या एकाने पुन्हा वाचायला नकार दिला आणि संपादकांनी नवा माणूस घेतला. तक्त्यात दुसरी फेरी दोनवरून अडीच महिने केली. नव्या माणसाला जुने आक्षेप ठाऊक असले तरी तो स्वतःचे आणतोच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

किरकोळ दुरुस्ती, मुदत २१ दिवस, ९ डिसेंबर. जुना समीक्षक गुणकावर समाधानी. नव्याचे तीन आक्षेप, त्यांतले दोन लेखणीचे. तिसरा: ज्या मानशींपासून अंतर मोजलं त्या चालू स्थितीत आहेत का, की दारांतून पाणी झिरपतं? प्रत्येक मानशीची स्थिती तक्त्यात द्या. ‘किरकोळ’ या शिक्क्याखाली शेतात जायचं काम आलंय.

इथे गोव्याचं कॅलेंडर आड येतं. दिवाडीला जाणारी फेरीबोट जुन्या गोव्यातून सुटते. २४ नोव्हेंबरपासून तिथे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या नोव्हेना सुरू, ३ डिसेंबरला फेस्त. त्या दिवसांत गाडी घेऊन धक्क्यापर्यंत पोचणं म्हणजे अर्धा दिवस. म्हणून जायचं ते याच आठवड्यात.

२१ नोव्हेंबर

गेलो, सकाळच्या ओहोटीला. मानशीची स्थिती बघायला ओहोटीच हवी, तेव्हाच दाराच्या फळ्या उघड्या पडतात. दिवाडीच्या एका मानशीची खालची फळी कुजून हाताएवढी फट पडली होती, तिच्यातून आतलं पाणी नदीकडे धावत होतं. भरतीला हेच उलट. तिथल्या काकांनी सांगितलं, फळी गेल्या पावसाच्या आधीपासूनच गेलेली. म्हणजे मे २०२४ ला धड होती की नव्हती? त्यांना विचारलं तर म्हणाले, ‘तेव्हा बरी होती, त्याच साली नवी बसवलेली.’ तोंडी माहिती म्हणून तसंच नोंदवलं. तक्त्यात दोन रकाने केले: पाहिलेली स्थिती, तारखेसह, आणि शेतकऱ्यांनी सांगितलेली २०२४ ची स्थिती. दोन्ही एका रकान्यात घातलं असतं तर ते खोटं दिसलं नसतं, पण झालं असतं.

२ डिसेंबर

पाठवला, मुदतीच्या आठवडाभर आधी. घाई मुद्दाम केली. डिसेंबरच्या मध्यानंतर संपादक सुट्टीवर जातात, आणि ९ ला पोचलेला पेपर जानेवारीपर्यंत कोणी उघडत नाही.

१७ डिसेंबर

`Decision in Process`. पुन्हा समीक्षकांकडे न जाता संपादकाकडेच आहे.

८ जानेवारी २०२६

स्वीकृत. पत्राची प्रत अहवालाच्या फोल्डरमध्ये टाकली.

१६ जानेवारी

छपाईपूर्व प्रत आली, ४८ तासांत परत मागितली. मजकूर वाचत बसलो नाही, तो आता पाठ आहे. तक्ते, एककं आणि नावं तेवढी तपासली. दोन ठिकाणी `dS` चं `ds` झालं होतं, आणि मानशींच्या तक्त्यात ‘सांगितलेली’ स्थितीच्या रकान्याचं शीर्षकच गळालं होतं. दोन्ही खुणा करून त्याच रात्री परत.

पहिल्या समीक्षकाचं दुसरं वर्ष अजून वहीत उघडं आहे. मे २०२६ मध्ये १ तारखेला पौर्णिमा, १६ ला अमावास्या. गेल्या वर्षीचा पाऊस बघता उधाणाच्या दुसऱ्या भरतीवर भिस्त ठेवायची नाही. पहिले नमुने २ मे रोजी दिवाडीला, दुसरे जमले तर. प्रत्येक पिशवीत या वेळी किलोभर माती, लगद्यासाठी पाव किलो वेगळी काढून. फळी बदलली का, तेही त्याच दिवशी ओहोटीला बघायचं.